आत्याचा फॉर्म, आणि त्यातला मदतनिसाचा रकाना



मागच्या महिन्यात कुणीतरी इथे काचीगुड्याच्या जुन्या वाड्यांवर फार सुंदर लिहिलं. आमच्या कुत्बीगुड्याच्या गल्लीची, बडी चावडीच्या भाजीवाल्यांची, विवेकवर्धिनीच्या घंटेची आठवण आली. आज मीही आठवणच सांगणार आहे, पण ती फार जुनी नाही, मागच्या वर्षीची आहे. आणि त्यात थोडं मत आहे, थोडा राग आहे. राग दुसऱ्यावर कमी, आपल्यावर जास्त.

आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी अमेरिकेत आहे. कुणाची मुलगी न्यू जर्सीत, कुणाचा मुलगा डॅलसमध्ये. मग बाळंतपण येतं, मुंज येते, आणि इथल्या सत्तरीतल्या माणसांना व्हिसासाठी उभं राहावं लागतं. पूर्वी हैदराबादच्या माणसाला त्यासाठी चेन्नई गाठावी लागायची. रात्रभर रेल्वेत बसायचं, सकाळी लाइनीत. 2008 साली इथे कॉन्सुलेट आलं, बेगमपेठेत, पायगाह पॅलेसमध्ये. 2023 च्या मार्चमध्ये ते नानकरामगुड्याच्या नव्या इमारतीत गेलं. म्हणजे अंतर कमी झालं. आता अंतर उरलंय ते घरातल्या कॉम्प्युटरपासून त्या खिडकीपर्यंतचं, आणि माझ्या अनुभवाने सांगतो, माणसं तिथेच हरवतात.

आमची आत्या चौऱ्याहत्तर वर्षांची. लातूरकडची मुलगी, हैदराबादला सून म्हणून आली, काका गेल्यावर एकटीच राहते. मुलगा शिकागोला. सुनेला जुलै 2025 मध्ये दिवस भरणार होते. जानेवारीत मुलाचा फोन आला, “आई, तू जूनमध्ये ये.” आत्याने त्याच दिवशी मेथीचे लाडू किती करायचे ते ठरवलं.

व्हिसाचं काय, असं मी विचारलं तर म्हणाली, “ते झालंय रे. एक जण आहे, तो सगळं करून देतो. स्लॉट मिळत नाहीत म्हणे, पण त्याच्याकडे असतात. पंधरा हजार घेतो, फी वेगळी.”

मी बँकेत चौतीस वर्षं काढली. “त्याच्याकडे असतात” हे वाक्य ऐकलं की माझे कान उभे राहतात. पण तेव्हा मी काहीच बोललो नाही. हा माझा पहिला दोष, तो लिहून ठेवतो.

आता स्लॉट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्या लोकांच्या डोक्यात तो रेल्वेच्या बर्थसारखा बसलाय. एजंटने आधी धरून ठेवायचा आणि नंतर आपल्या नावावर करायचा, असा. तसं ते नाहीच. अमेरिकेच्या व्हिजिटर व्हिसाला तीन गोष्टी एका माळेत ओवलेल्या असतात. एक, डीएस-160 नावाचा ऑनलाइन फॉर्म. तो भरून पाठवला की एक कन्फर्मेशनचं पान मिळतं, त्यावर बारकोड आणि AA ने सुरू होणारा आकडा असतो. दोन, फी. माणशी 185 डॉलर, त्या दिवसाच्या कॉन्सुलेटच्या दराने रुपयांत. नवराबायको असतील तर दोन फिया, मांडीवरचं मूल असेल तरी त्याची वेगळी. तीन, अपॉइंटमेंट. ती त्या फॉर्मच्या आकड्यावर आणि त्या पासपोर्टच्या आकड्यावर घेतली जाते. म्हणजे स्लॉट माणसाला चिकटलेला असतो. तो कुणाच्या खिशात नसतो.

आणि अपॉइंटमेंटही एक नाही, दोन. आधीच्या दिवशी बोटांचे ठसे आणि फोटो, ते आता हायटेक सिटी मेट्रो स्टेशनच्या खालच्या मजल्यावर. मग कॉन्सुलेटात मुलाखत. दोन्ही तारखा एकदमच घ्यायच्या, ठशांची आधी, मुलाखतीची नंतर.

मग एजंट नेमकं काय विकतो? तो तुमच्या खात्याचा पासवर्ड घेऊन दिवसरात्र कॅलेंडर बघत बसतो, किंवा मशीनला बसवतो. कुणीतरी तारीख सोडली किंवा नव्या तारखा उघडल्या की झडप घालतो. हे कॉन्सुलेटला कळत नाही असं समजू नका. 26 मार्च 2025 ला दिल्लीच्या दूतावासाने जाहीर केलं की बॉटने घेतलेल्या सुमारे 2000 अपॉइंटमेंटा रद्द करतोय, आणि त्या खात्यांना नव्या तारखा घेण्यापासून थांबवतोय. ही बातमी मी आत्याच्या घरी बसूनच वाचली. वाचून दाखवलीसुद्धा. आत्या म्हणाली, “आपला माणूस तसा नाही रे. अम्मा अम्मा करतो.”

हौ, तसा नव्हता. आमची तारीख बॉटवाल्यांत गेली नाही. आमचं दुसरंच निघालं.

मुलाखत एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात होती. ठशांच्या चार दिवस आधी त्या माणसाने व्हॉट्सअ‍ॅपवर एक पीडीएफ पाठवलं. आत्याने मला सांगितलं, “याचं प्रिंट काढून आण.” मी नारायणगुड्याच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तिथे लाइनीत उभं राहून सहज बघितलं. दोन पानं होती. एक अपॉइंटमेंटचं, एक डीएस-160 चं कन्फर्मेशन. तेवढ्यात शिकागोहून भावाचा मेसेज आला, “दादा, मी आईचा फॉर्म जानेवारीतच भरला होता. त्याचंही कन्फर्मेशन पाठवतो, ते घेऊन जायचंय ना?”

दोन्ही कागद शेजारी ठेवले. दोन्ही AA ने सुरू, पण पुढचा आकडा वेगळा.

म्हणजे एजंटने भावाचा फॉर्म वापरलाच नव्हता. त्याने आपला दुसरा फॉर्म भरला, त्यावर स्वतःचा ईमेल टाकला, आणि त्या आकड्यावर तारीख घेतली. आत्या जर भावाचं कन्फर्मेशन घेऊन गेली असती तर दारातच आकडा जुळला नसता. अपॉइंटमेंट ज्या आकड्यावर घेतली तोच आकडा कन्फर्मेशनवर लागतो. इतकी साधी गोष्ट आहे, आणि ती कुणीच तपासत नाही. म्हणून माझी पहिली विनंती ही. प्रिंट काढल्यावर दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवा आणि बोट ठेवून तीन गोष्टी वाचा: पासपोर्टचा आकडा, AA चा आकडा, आणि पासपोर्टवर आहे तसंच नाव. चष्मा लावून, मोठ्याने. दोन मिनिटं लागतात.

तेव्हा मला वाटलं, ठीक आहे, मग एजंटचंच कन्फर्मेशन नेऊ, आकडा जुळतो. घरी आलो, आत्याला म्हटलं, “त्याने भरलेला पूर्ण फॉर्म तरी बघू या.” त्याच्याकडे मागितला. “गरज नाही सर, मैं हूँ ना.” दुसऱ्या दिवशी मी त्याच्या ऑफिसात जाऊन बसलो. सकाळी अकरापासून. दुपारी तीनला त्याच्या पोराने वैतागून पूर्ण फॉर्म छापून हातात दिला, आणि वर खात्याचा पासवर्डही.

तो फॉर्म मी परत येताना ऑटोत वाचला, आणि सुलतान बझारपर्यंत माझ्या पोटात गोळा आला होता.

एक प्रश्न असतो, तुम्ही कधी दुसरं नाव वापरलंय का, माहेरचं वगैरे. उत्तर होतं, नाही. आता आपल्याकडच्या कुठल्या बाईचं उत्तर “नाही” असू शकतं? आत्याचं माहेरचं आडनाव वेगळं, आणि लग्नात नावही बदललं. शाळेच्या दाखल्यावर एक, पासपोर्टवर एक. दुसरा प्रश्न, आईवडील सोडून जवळचं कोणी अमेरिकेत आहे का. उत्तर, नाही. पोटचा मुलगा शिकागोत बसलाय, सून दिवसांवर आहे, आणि फॉर्म म्हणतो कोणीच नाही! कारण लिहिलं होतं पर्यटन, राहण्याच्या जागी हॉटेल. आणि शेवटचा प्रश्न: हा फॉर्म भरायला तुम्हाला कुणी मदत केली का? उत्तर, नाही.

मी त्याला फोन केला. तो शांतपणे म्हणाला, “सर, मुलगा तिथे आहे असं लिहिलं की रिजेक्ट करतात. मैं सबका ऐसाच भरतूं.”

इथे मला थांबून बोलायचंय, कारण ही समजूत आपल्यात फार घट्ट आहे. मी चांगल्या शिकलेल्या लोकांकडूनही ऐकली आहे. त्यात खऱ्याचा अंश एवढाच, की अमेरिकेच्या कायद्यात अर्जदार तिथेच राहायला येतोय असं धरूनच सुरुवात होते, आणि तो परत जाणार आहे हे अर्जदाराने पटवायचं असतं. त्या कलमाला 214(बी) म्हणतात. पण मुलगा तिथे असणं हा काही गुन्हा नाही. हजारो आईवडील मुलगा आहे असं सांगूनच जातात. उलट लपवलं तर काय होतं? मुलाने आपल्या व्हिसाच्या कागदांत आईवडिलांची नावं कधीतरी लिहिलेलीच असतात. खिडकीतल्या माणसासमोर हे उघडं पडलं तर प्रश्न व्हिसा मिळाला की नाही इतका राहत नाही. महत्त्वाच्या गोष्टीत जाणूनबुजून खोटं सांगितलं असं ठरलं, तर त्या कायद्यात कायमची बंदी बसू शकते. नकार मिळाला तर पुन्हा अर्ज करता येतो. खोटेपणाचा शिक्का बसला तर नातवाचं लग्नसुद्धा मोबाइलवर बघायचं.

आणि यात एजंटचं काहीच जात नाही, हे लक्षात घ्या. डीएस-160 दुसऱ्याने भरून दिला तरी चालतो, पण शेवटची सही, म्हणजे ते “साइन अँड सबमिट”चं बटण, अर्जदाराने स्वतः दाबायचं असतं. वरचं सगळं खरं आहे, असं सांगून. आत्याने ते बटण कधी पाहिलंही नव्हतं. तिच्या नावाने तिसऱ्याच माणसाने शपथ घेतली होती.

आम्ही तिघे बसलो. मी, आत्या, आणि फोनवर भाऊ. भाऊ रडकुंडीला आला होता. “दादा, आता एवढ्याशा गोष्टीसाठी तारीख सोडायची? विचारलं तर आई तोंडाने खरं सांगेल ना. परत तारीख कधी मिळणार?”

त्याचं म्हणणं सोपं नव्हतं. स्लॉटची टंचाई खरी आहे. कोविडनंतर 2022-23 मध्ये पहिल्यांदा जाणाऱ्या पर्यटकांना भारतातल्या कॉन्सुलेटांत पाचशे दिवसांहून जास्त थांबायला लागलेलं आपण पाहिलंय. लोक एजंटकडे हौसेने जात नाहीत, बाळंतपण थांबत नाही म्हणून जातात. हे मला कळतं.

मी पासवर्डने खात्यात शिरलो, म्हटलं तारीख थोडी पुढे ढकलू आणि खरा फॉर्म लावू. तिथे दुसरा धक्का. 1 जानेवारी 2025 पासून नियम असा आहे की तारीख घेतल्यावर ती एकदाच फुकट बदलता येते. त्यानंतर बदलायची, किंवा गैरहजर राहिलात, तर फी पुन्हा. आणि आमचा तो एक बदल वापरून झाला होता! त्या माणसाने फेब्रुवारीत कुठलीतरी दूरची तारीख धरली, मार्चमध्ये ती बदलून एप्रिलची घेतली. हीच त्याची “स्लॉट असतात”ची जादू. आत्याला असलेली एकमेव मोकळीक त्याने खर्चून टाकली होती आणि त्याचे पंधरा हजार घेतले होते.

आता दोनच रस्ते. दोन दिवसांनी त्या खोट्या फॉर्मवर उभं राहायचं, किंवा सगळं सोडून नवा फॉर्म, नवी फी, नवी तारीख. म्हणजे जुलै हुकणार, हे नक्की.

आत्या बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, “त्या कागदावर मला मुलगा नाही असं लिहिलंय?”

“तिथे कोणी नाही, असं लिहिलंय.”

“मग मी त्या कागदावर नाही जाणार,” ती म्हणाली. “सून बाळंत होईल, तिची आई आहे तिथे. मी नंतर जाईन.”

झालं. तारीख रद्द केली.

पुढच्या रविवारी सकाळी आम्ही पुन्हा बसलो, या वेळी आत्या कॉम्प्युटरसमोर, मी शेजारी. फॉर्म उघडल्यावर वर एक अ‍ॅप्लिकेशन आयडी येतो, तो आधी वहीत लिहिला. कारण वीस मिनिटं हात लावला नाही की पान आपोआप बंद होतं, आणि आयडी नसेल तर केलेलं परत सापडत नाही. मधे दूधवाला आला, दोनदा बंद झालंच. पण आयडी होता म्हणून पुन्हा तिथूनच सुरू करता आलं. पासपोर्ट हातात घेऊन नाव टाकलं, अक्षर न् अक्षर. माहेरचं नाव, शाळेतलं नाव, दोन्ही “दुसरी नावं” मध्ये. मुलाचं नाव, त्याचा व्हिसा, त्याचा पत्ता. खर्च कोण करणार, मुलगा. समाजमाध्यमांच्या प्रश्नात तिचं फेसबुकचं खातं, जिच्यावर ती फक्त रांगोळ्या टाकते. फोटो नवा काढला, दोन इंच बाय दोन इंच, चष्म्याशिवाय. जुना लग्नातला चष्म्याचा फोटो तिला आवडायचा, पण 2016 पासून चष्म्याचा चालत नाही.

शेवटी तो प्रश्न आला. कुणी मदत केली का? आत्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, “हो म्हण.” मग खाली रकाने उघडले. मदत करणाऱ्याचं नाव, पत्ता, नातं. माझं नाव टाकलं, कुत्बीगुड्याचा पत्ता टाकला, नातं पुतण्या. आणि मग बटण तिने स्वतः दाबलं, देवाला फूल वाहावं तसं.

मंडळी, माझं सगळं मत या एका रकान्यात आहे. मदत घेण्यात काही चुकीचं नाही. सरकारी फॉर्ममध्येच त्यासाठी जागा ठेवली आहे. फरक एवढाच, की खरी मदत करणारा त्या रकान्यात आपलं नाव घालू देतो. जो म्हणतो “मदत केली का, तिथे नाही लिहा”, तो मदतनीस नव्हे. ज्याला फॉर्म द्यायचाय त्याला आधी हा एकच प्रश्न विचारा: तुमचं नाव त्या रकान्यात टाकू का? परवाना असलेले चांगले सल्लागारही असतात, ते हो म्हणतील. जो तोंड फिरवेल त्याच्याकडून निघून या.

फीचं थोडं सांगतो, कारण तिथेही घाई नडते. आम्ही बँकेतून पैसे पाठवले. पडद्यावर एक खातेक्रमांक येतो, तो त्या अर्जापुरताच असतो. शेजारणीने भरलेल्या क्रमांकावर आपले पैसे पाठवायचे नाहीत. आणि रक्कम पडद्यावर असेल ती, रुपयालाही फरक नको. गोळाबेरीज करून जास्त पाठवली तर जमा होईलच असं नाही. पैसे जमा झाल्याची नोंद दिसायला वेळ लागतो, म्हणून लगेच घाबरून दुसऱ्यांदा भरू नका. भरलेली फी परत मिळत नाही, दुसऱ्याच्या नावावरही होत नाही. पण ती भरल्यापासून 365 दिवस चालते, तेवढ्यात तारीख घ्यायची. म्हणजे आज तारीख दिसत नाही म्हणून जीव खालीवर करायचं कारण नाही. आणि कॅलेंडर दर पाच मिनिटांनी उघडू नका, फार वेळा बघितलं तर खातं काही काळ बंद होतं. मी सकाळी एकदा, रात्री एकदा बघायचो. सातव्या आठवड्यात सप्टेंबरची तारीख मिळाली.

जुलैत बाळ झालं. मुलगी. बारसं व्हिडिओवर झालं. आत्याने इथे पाटावर पाळण्यातली बाहुली ठेवली आणि फोनकडे बघत कुर्रर्र केलं. आम्ही सगळे हसलो, ती मात्र नंतर स्वयंपाकघरात बराच वेळ होती. हेही लिहितो, कारण खरं वागण्याची किंमत काही नव्हती असं मला सांगायचं नाही. होती.

सप्टेंबरात आम्ही ठशांना निघालो. सुलतान बझारला हिरव्या लाइनीत बसलो, परेड ग्राउंडला उतरून निळी पकडली, हायटेक सिटी. आत्या पहिल्यांदाच मेट्रोत बसली होती. मी तिला तीन कागद दिले होते: पासपोर्ट, कन्फर्मेशनचं पान, अपॉइंटमेंटचं पान. जुना पासपोर्ट असेल तर तोही. पण तिच्या पिशवीत काकांच्या पेन्शनचं बुक, घराची कागदपत्रं, एफडीच्या पावत्या, भावाच्या पगाराच्या स्लिपा, लग्नाचा अल्बमसुद्धा! पोटाशी धरून बसली होती. त्या दिवशी त्यातलं काहीच लागलं नाही. ठसे, फोटो, अर्ध्या तासात बाहेर.

दुसऱ्या दिवशी नानकरामगुडा. तिथे मेट्रो नाही, रायदुर्गला उतरून ऑटो करावा लागतो. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा. मोबाइल आत नेता येत नाही, आणि ठेवायला तिथे जागाही नाही. म्हणूनच प्रिंट लागतं. “फोनमध्ये आहे ना” म्हणणारे तरुण तिथे दाराशी अडकलेले मी पाहिले. बारकोड काळा, स्पष्ट, न दुमडलेला हवा. शाई संपत आलेल्या प्रिंटरवरचा पट्ट्यापट्ट्यांचा नको. मी दोन प्रती काढल्या होत्या, एक पिशवीत, एक माझ्याकडे. सोबतच्या माणसाने फोन घेऊन बाहेर थांबायचं, आणि आतल्या म्हाताऱ्या माणसाने बाहेर आल्यावर कुठे भेटायचं ते आधी ठरवायचं. आम्ही चहाच्या टपरीची खूण ठरवली.

आत्या सव्वा तासाने आली. तिने मुलाखत हिंदीत दिली. तिने सांगितलं ते असं. कोण आहे तिथे? मुलगा, सून, नात. कधी आलात परत जायचं? संक्रांतीला. इथे कोण आहे? “मैंने बोला, घर है, तुलसी है, भतीजा है.” मग त्याने विचारलं, फॉर्म कुणी भरला? “भतीजे ने. नाम लिखा है.” त्याने पडद्याकडे बघितलं, मान हलवली, पासपोर्ट ठेवून घेतला. पिशवी उघडलीच नाही.

आत्या दिवाळीच्या आठवडाभर आधी शिकागोला पोचली. नातीला अभ्यंगस्नान तिनेच घातलं.

आता शेवटचं. आपण हैदराबादची मराठी माणसं चार पिढ्या एकमेकांना धरून राहिलो. गणपती, ग्रंथालय, शाळा, सगळं स्वतः उभं केलं. आणि आईवडिलांचा एक फॉर्म भरायला आपल्याला अनोळखी माणूस लागतो? तिकडची मुलं रात्री घाईत फॉर्म भरतात, आईला विचारतही नाहीत. इकडचे आपण पासवर्ड दुसऱ्याला देऊन मोकळे होतो. मधे ज्याच्या नावाने सही होते ते म्हातारं माणूस काहीच न वाचता खिडकीशी उभं राहतं. चिलकूरच्या बालाजीला अकरा प्रदक्षिणा जरूर घाला, मीही आत्याबरोबर घातल्या. व्हिसा आल्यावर एकशे आठही झाल्या, माझे गुडघे अजून बोलतात. पण त्याआधी एक रविवार आईच्या शेजारी बसा. तिला प्रत्येक प्रश्न मराठीत वाचून दाखवा. तिचं उत्तर ऐका, तेच लिहा. आणि मदतनिसाच्या रकान्यात आपलं नाव घाला.

तो पंधरा हजारवाला अजून आहे तिथेच. परवा आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी त्याचा नंबर विचारला. मी म्हटलं, काकू, नंबर नाही देत. रविवारी मीच येतो. पासपोर्ट आणि चष्मा काढून ठेवा.